खजुराचे नबीज आणि ॲरिस्टॉटल

‘कयास’ हा शब्द आपल्याकडे अंदाज या अर्थाने रुळला आहे. वर्तमानपत्रात ‘असा कयास बांधला जातो’ असे वाचले की आपण थोडे सावध होतो, कारण पुढचे खात्रीचे नसते. मूळ अरबीत ‘कियास’ म्हणजे मोजणे, एका वस्तूशी दुसरी ताडून पाहणे. आठव्या-नवव्या शतकात याच शब्दावर दोन वेगवेगळ्या शास्त्रांनी हक्क सांगितला. एक होते इस्लामी कायद्याचे शास्त्र, म्हणजे फिक्ह, आणि दुसरे ग्रीकमधून आलेले तर्कशास्त्र. ग्रीक विद्येच्या भाषांतरांनी इस्लामी विचारात काय घडवले, हे समजून घ्यायला मला या एका शब्दाची वाट सर्वांत सरळ वाटते.

आधी कायद्याकडे पाहू. कुराणात ‘खम्र’ निषिद्ध आहे. खम्र म्हणजे मुख्यतः द्राक्षांची दारू. पण इराकमध्ये खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेले ‘नबीज’ नावाचे पेय सर्रास प्यायले जाई. ते ताजे असताना सौम्य असते आणि ठेवले की आंबते. मग ते हराम की नाही? कायदेपंडित त्याची मांडणी अशी करत. द्राक्षाची दारू हे ‘अस्ल’, म्हणजे मूळ प्रकरण (आपला ‘अस्सल’ याच शब्दावरून आला). नबीज हे ‘फर्अ’, म्हणजे फांदी, नवे प्रकरण. निषिद्धता हा ‘हुक्म’. आणि या दोघांना जोडणारे कारण म्हणजे ‘इल्लत’, इथे नशा. दारूत नशा आहे म्हणून ती हराम. नबीजातही नशा आहे, म्हणून तेही हराम. कायद्यातला कियास तो हा. प्रत्येक नशिल्या पदार्थाला खम्रच म्हणावे अशी हदीसही या बाजूने पुढे केली जाई. तरीही कूफा शहरातल्या अबू हनीफांच्या (मृत्यू 767) परंपरेने खम्र म्हणजे द्राक्षांचीच दारू हा अर्थ धरून ठेवला आणि ठरावीक तऱ्हेने शिजवलेले नबीज नशा न चढेल इतपत चालेल असे मानले. बगदादला आणि पुढे इजिप्तला गेलेले इमाम शाफिई (मृत्यू 820) यांना ते मुळीच मान्य नव्हते.

हा कियास ग्रीकांकडून आलेला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. भाषांतरांना वेग येण्यापूर्वीच कायदेपंडित तो वापरत होते. ईश्वरविषयक वादांचे शास्त्र, म्हणजे कलाम, हेही आधीच सुरू झाले होते. ग्रीक पुस्तके आली आणि मुसलमान विचार करू लागले, असे चित्र कधी कधी रंगवले जाते. ते चुकीचे आहे. खरे तर वाद आधी पेटला होता, आणि वाद करणाऱ्यांना हत्यारे हवी होती म्हणून पुस्तके मागवली गेली.

याचा पुरावा पहिल्याच मोठ्या भाषांतरांपैकी एकात सापडतो. अब्बासी खलिफा अल-महदी (कारकीर्द 775 ते 785) याने ॲरिस्टॉटलचा ‘टॉपिक्स’ हा ग्रंथ अरबीत मागवला. खगोलाचा नाही, वैद्यकाचा नाही. हा ग्रंथ वादविवादाचा आहे: प्रतिपक्षाला प्रश्न कसे विचारावेत, त्याच्याच कबुलीतून त्याला पेचात कसे आणावे, हे तो शिकवतो. महदीच्या राज्यात ख्रिस्ती, ज्यू, मानीचे अनुयायी अशा सगळ्यांशी धर्मावर वाद झडत होते. काम सोपवले गेले तेही एका ख्रिस्ती धर्मगुरूवर. पौर्वात्य चर्चचा प्रमुख तिमोथी (पहिला) याने अबू नूह नावाच्या सहकाऱ्याबरोबर सुमारे 782 मध्ये सिरियाक भाषेतून हे भाषांतर केले. तिमोथीचे एक पत्र उपलब्ध आहे. त्यात तो आपल्या माणसाला सांगतो की मोसूलजवळच्या मार मत्तै मठात या ग्रंथावरच्या टीका आहेत का, याची गुपचूप चौकशी कर. तो मठ प्रतिस्पर्धी पंथाचा होता, म्हणून ही खबरदारी.

हस्तलिखितांसाठीची वणवण पुढच्या पिढ्यांतही संपली नाही. सर्वांत नावाजलेला भाषांतरकार हुनैन इब्न इस्हाक (मृत्यू 873) हाही ख्रिस्ती होता. गॅलेन या ग्रीक वैद्याचा ‘सिद्धतेविषयी’ नावाचा मोठा ग्रंथ त्याला हवा होता. खरी सिद्धता कशाला म्हणावे, हा त्याचा विषय. हुनैनने स्वतः लिहून ठेवले आहे की त्यासाठी त्याने इराक, सीरिया, पॅलेस्टाइन आणि इजिप्त पालथे घातले, थेट अलेक्झांड्रियापर्यंत गेला, आणि हाती लागला तो दमास्कसमध्ये, जवळपास निम्मा, तोही विस्कळीत. तो ग्रंथ पूर्ण स्वरूपात आज कोणाकडेच नाही.

या भाषांतरांमध्ये ॲरिस्टॉटलच्या ‘सिलॉजिझम’ला अरबी प्रतिशब्द स्थिरावला तो ‘कियास’. आणि घोटाळा तिथेच सुरू झाला. ॲरिस्टॉटलच्या कियासात एका प्रकरणावरून दुसऱ्या प्रकरणावर उडी नसते. त्यात एक सर्वसाधारण विधान लागते: प्रत्येक नशिले पेय हराम आहे, नबीज नशिले आहे, म्हणून नबीज हराम. आपल्याकडचे न्यायशास्त्र ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा फरक चटकन कळेल. डोंगरावर धूर आहे म्हणून तिथे आग आहे, जसे स्वयंपाकघरात असते. यातले स्वयंपाकघर हा दाखला झाला, तर ‘जिथे धूर तिथे आग’ ही व्याप्ती. कायदेपंडितांचे सारे वजन दाखल्यावर होते, ग्रीकांचे व्याप्तीवर. तर्कशास्त्री म्हणू लागले की फिक्हवाले ज्याला कियास म्हणतात तो कियासच नव्हे, ते नुसते ‘तमसील’, दृष्टांत. ज्यांनी आयुष्यभर त्याच कियासावर निवाडे दिले, त्यांना हे किती झोंबले असेल याची कल्पना करता येते.

पहिली मोठी जाहीर चकमक मात्र व्याकरणाच्या मैदानात झाली. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादमध्ये वजीर इब्न अल-फुरात याच्या दरबारात अबू बिश्र मत्ता आणि अबू सईद अस-सिराफी समोरासमोर आले. मत्ता ख्रिस्ती भाषांतरकार होता. ॲरिस्टॉटलचा सिद्धतेवरचा ग्रंथ त्याने अरबीत आणला होता, पण सिरियाकवरून, कारण ग्रीक त्याला येत नव्हते. सिराफी व्याकरणकार होता आणि फिक्हचाही जाणकार. अबू हय्यान अत-तौहीदी याने या वादाचा वृत्तान्त नोंदवून ठेवला आहे.

मत्ताचे म्हणणे असे की तर्कशास्त्र हा एक तराजू आहे, खरे-खोटे त्याने तोलता येते. सिराफीने विचारले, तराजू वजन सांगेल, पण तोललेली वस्तू लोखंड आहे की सोने की पितळ, हे कोण सांगणार? मत्ता म्हणाला, विचार सर्व लोकांचे सारखेच असतात, चार आणि चार सगळीकडे आठच होतात. सिराफीचे उत्तर होते की सगळेच प्रश्न चार आणि चारइतके उघड असते तर भांडण कशाला उरले असते? मग त्याने एक बारीक प्रश्न टाकला. ‘झैद भावांमध्ये उत्तम आहे’ आणि ‘झैद आपल्या भावांमध्ये उत्तम आहे’, या दोन वाक्यांत बरोबर कोणते? मत्ताला दोन्ही बरोबर वाटली. सिराफीने दाखवले की दुसरे चुकीचे आहे. झैदचे भाऊ मोजायला लागलो तर त्यांत झैद स्वतः येत नाही, मग तो त्यांच्यातला उत्तम कसा ठरेल?

तौहीदी सिराफीच्या बाजूचा होता, त्यामुळे त्याच्या वृत्तान्तात मत्ता अगदीच गप्प पडलेला दिसतो. पण सिराफीचा प्रश्न मला खरा वाटतो. ज्या धर्मात कायद्याचा आधार एका विशिष्ट भाषेतला मजकूर आहे, तिथे त्या भाषेच्या वळणांपासून तर्क वेगळा काढता येतो का? आणि तो तर्क दोन भाषांतरांतून गाळून आलेला असेल तर?

मत्ताच्या वर्तुळातलाच फाराबी (मृत्यू 950) याने वेगळा रस्ता धरला. मुसलमान पंडितांचे रोजचे युक्तिवाद घेऊन ते ग्रीक साच्यात बसतात का, हे त्याने एका छोट्या ग्रंथात तपासले. पण ही चाचणी धर्मशास्त्राच्या आत नेण्याचे काम केले ते अबू हामिद गझाली (1058 ते 1111) यांनी. तत्त्वज्ञांवर त्यांनी 1095 मध्ये कडाडून हल्ला चढवला आणि त्यांच्या तीन मतांना थेट कुफ्र ठरवले: जग अनादी आहे, ईश्वराला केवळ सामान्य गोष्टींचे ज्ञान असते, मेलेली शरीरे पुन्हा उठणार नाहीत. एवढ्यावरून गझालींनी ग्रीक विद्या संपवली असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. तर्कशास्त्र मात्र त्यांनी उचलून घेतले. 1109 मध्ये पूर्ण झालेल्या ‘अल-मुस्तस्फा’ या कायद्याच्या सिद्धान्तावरच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी तर्कशास्त्राचे प्रकरण घातले आणि बजावले की ज्याला हे येत नाही त्याच्या ज्ञानावर भरवसा ठेवता येणार नाही.

त्यांनी तपासलेला कलामातला एक युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. आकाश निर्माण झालेले आहे, कारण ते एक वस्तू आहे. जशी वनस्पती किंवा प्राण्यांची शरीरे, ती निर्माण झालेली आपण पाहतो. गझाली विचारतात, प्राणी निर्माण झालेला आहे तो वस्तू आहे म्हणूनच, हे कशावरून? दुसरे काही कारण असू शकेल. ‘प्रत्येक वस्तू निर्माण झालेली आहे’ हे आधी सिद्ध करावे लागेल. आणि ते सिद्ध झाले की प्राण्याची गरजच उरत नाही. आकाश थेट त्या विधानाखाली येते. म्हणजे दाखला एकतर अपुरा किंवा अनावश्यक.

मग नबीजाचा कियासही असाच निकामी होतो का? गझालींचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि भाषांतरित तर्कशास्त्राचा सर्वांत टिकाऊ परिणाम मला इथे दिसतो. ईश्वर आणि सृष्टीबद्दल बोलताना खात्री लागते. तिथे दृष्टांताला किंमत नाही. न्यायनिवाड्यात मात्र ‘झन्न’, म्हणजे भक्कम संभाव्यता, पुरते. काझीला आजच निकाल द्यायचा असतो. म्हणून तो दारूचे गुण एकेक करून तपासतो: ती द्राक्षांची आहे, पातळ आहे, तिला फेस येतो, ती नशा आणते. पातळ तर सरबतही असते, द्राक्षांचा तर ताजा रसही असतो, आणि ते हलाल आहेत. एकेक गुण गळत जातो आणि नशा उरते. ही गाळणी पूर्ण झाली याची हमी कोणी देऊ शकत नाही, पण निवाड्याला ती पुरेशी असते. अशा रीतीने एकाच पद्धतीच्या दाखल्याला कलामाच्या दारात अडवले गेले आणि काझीच्या दारात मान मिळाला. त्याआधी दोन्हीकडे तो सारख्याच आत्मविश्वासाने वापरला जात असे.

स्पेनमधल्या कोर्दोव्याच्या इब्न हझ्म (994 ते 1064) यांनी तर याच्याही आधी उलट टोक गाठले होते. त्यांनी ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र सोप्या शब्दांत आणि फिक्हच्या उदाहरणांनी समजावणारे पुस्तक लिहिले, आणि कायद्यातला कियास मात्र संपूर्ण नाकारला. मजकुरात जे सर्वसाधारण विधान आहे त्याखाली प्रकरण येत असेल तरच निकाल द्या, नाहीतर साम्य शोधत बसू नका, असा त्यांचा आग्रह होता.

गझालींनंतर कायद्याच्या ग्रंथांत तर्कशास्त्राला जागा मिळत गेली, तसा विरोधही टिकला. दमास्कसचे हदीसपंडित इब्न अस-सलाह (मृत्यू 1245) यांनी शरियतच्या निवाड्यांना तर्कशास्त्राची गरजच नाही असा फतवा दिला. त्यांच्या पुढच्या काळातले इब्न तैमिया (1263 ते 1328) फतव्यावर थांबले नाहीत. त्यांनी तर्कशास्त्र मुळातून वाचून त्याच्या खंडनाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचा घाव नेमका व्याप्तीवर होता. ‘प्रत्येक नशिले पेय हराम आहे’ हे तुम्हाला कळले कुठून? पैगंबरांनी सांगितले असेल तर नबीजाचा निकाल तिथेच लागला, ॲरिस्टॉटलने त्यात काही भर घातली नाही. आणि एकेक पेय पाहून, ताडून कळले असेल, तर तुमच्या त्या भारदस्त सिलॉजिझमच्या तळाशी काझीचा तोच जुना कियास बसलेला आहे.