ताबा कधी, हिशेब तेव्हा

पुण्यात नोकरी करणारं एक जोडपं, असं धरू. दरमहा १८,००० रुपये भाड्यानं राहतं. त्यांच्यासमोर दोन टू बीएचके आहेत. एक ६० लाखांचा, दोन वर्षांनी मिळणारा. दुसरा ६६ लाखांचा, उद्या किल्ली देणारा. सहा लाखांचा फरक पाहून कुणीही पहिल्याकडे वळेल.

पण बांधकाम सुरू असलेल्या ४५ लाखांवरच्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे तीन लाख तिथेच गेले. दोन वर्षांचं भाडं आणखी ४ लाख ३२ हजार. उलट बाजूला, बँक इथं कर्ज टप्प्याटप्प्यानं देते, त्यामुळे सुरुवातीला व्याज कमी. २० टक्के रक्कम पदरची घालून उरलेलं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं आणि सरासरी ३० लाख उचललेले धरले, तर तयार घराच्या तुलनेत दोन वर्षांत साधारण पावणेचार लाख व्याज वाचतं. सगळी वजाबाकी-बेरीज केल्यावर हातात उरतात जेमतेम अडीच लाख. ताबा लांबला की दर महिन्याला भाड्याचे १८,००० त्यातून जातात. व्याज तोवर दोन्हीकडे जवळपास सारखंच झालेलं असतं. सव्वा वर्षाच्या आत फायदा शून्यावर येतो.

म्हणून खरा प्रश्न उरतो तारखेचा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मूळ पूर्णत्वाची तारीख आणि मिळालेल्या मुदतवाढी दिसतात. त्याच बिल्डरचे जुने प्रकल्पही तसेच तपासावेत. दोन-तीनदा मुदत वाढलेली दिसली, तर सेल्स ऑफिसमधल्या तोंडी तारखेला अर्थ नाही.

कायद्याचा आधार आहे, पण तो कागदावरच्या तारखेला. नोंदणीकृत करारनाम्यातली ताब्याची तारीख चुकली, तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो किंवा घर ठेवून विलंबाचं मासिक व्याज मागू शकतो. मात्र त्यासाठी तक्रार करावी लागते आणि आदेश मिळाल्यावरही वसुली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन रेंगाळू शकते. ज्याला आधीच थांबायचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी ही दुसरी रांग.

तयार घरातही एक मेख आहे. ‘रेडी पझेशन’ची पाटी लागलेली असते, फरशी-रंग झालेला असतो, पण भोगवटा प्रमाणपत्र आलेलं नसतं. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीतल्या रहिवाशांनी अशा मंजुरीविना बांधलेल्या मजल्यांची किंमत मोजली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा ती कुटुंबं तिथं अनेक वर्षं राहत होती.

ओळखण्याची एक सोपी खूण आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या घरावर जीएसटी लागत नाही. ‘तयार’ म्हणून दाखवलेल्या फ्लॅटच्या खर्चाच्या तक्त्यात जीएसटीची ओळ दिसली, तर आधी प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि ती महापालिकेकडून पडताळून मगच टोकन द्यावं.