पहिला स्मार्टफोन आणि वडिलांची अट

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत पहिल्या स्मार्टफोनवरून वाद पेटतो. तोवर आईच्या फोनवर भागलेले असते. अकरावीच्या क्लासचे वेळापत्रक आणि नोट्स मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. नमुन्यादाखल असेच एक घर घ्यावे. वडील म्हणतात, "फोन घेऊन देतो, पण पासवर्ड मला सांगायचा. आणि काही भलतंसलतं दिसलं तर फोन त्याच दिवशी कपाटात." सोळाव्यात पाऊल टाकलेली मुलगी फणकारते, "मग नकोच मला, बाबा!"

वडिलांना धास्ती असते ती अनोळखी माणसाची, फोटोच्या गैरवापराची आणि, हे ते सहसा बोलत नाहीत, नातेवाइकांत होणाऱ्या चर्चेची. मुलीची भीती निराळी. मैत्रिणींनी विश्वासाने लिहिलेले बाबा वाचतील, आणि दुसऱ्याच्या आगळिकीपायी आपला फोन जाईल.

मुलीची ही दुसरी भीती मोठ्यांना पोरकट वाटते, पण खरी मेख तिथेच आहे. ब्लॅकमेल करणारा बहुधा मुलीच्या नावाचे खाते काढतो, गोड बोलून ओळख वाढवतो, एखादा खासगी फोटो मिळवतो आणि मग धमकावतो, "तुझ्या घरी पाठवीन." घरी कळले की फोन जाणार हे जिला ठाऊक आहे, ती गप्प बसते, त्याचे ऐकत जाते. वडिलांची अट अशा वेळी त्या माणसाच्याच कामी येते.

म्हणून या घरातली तडजोड अटीपासून सुरू झाली: मुलीने आपणहून सांगितले तर फोन काढून घ्यायचा नाही. पासवर्डचा प्रश्न इन्स्टाग्रामच्या किशोरवयीन खात्याने बराच सोडवला. पालकाचे खाते त्याला जोडले की मुलीने गेल्या सात दिवसांत कोणाशी संदेशांची देवाणघेवाण केली ते दिसते, मजकूर दिसत नाही. सोळा वर्षांखालील मुलीला त्यातली बंधने पालकांच्या संमतीशिवाय सैल करता येत नाहीत. अर्थात जन्मतारीख खरी टाकली असेल तरच. वय वाढवून खाते काढले की सगळे मुसळ केरात. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला राहील, हे मुलीने कुरकुरत मान्य केले.

धमकी आलीच तर काय करायचे, हेही तेव्हाच ठरले. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसायचे नाही. खात्याच्या नावासह स्क्रीनशॉट घेऊन cybercrime.gov.in वर तक्रार करायची, पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन. अठरा वर्षांखालील वयातल्या नग्न किंवा अर्धनग्न फोटोंसाठी Take It Down ही मोफत सेवा आहे. ती फोटोचा फक्त सांकेतिक ठसा घेते, फोटो मुलीच्याच फोनमध्ये राहतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्याकडची प्रत शोधून काढतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या कूटबद्ध संदेशांतून फिरणाऱ्या फोटोपर्यंत मात्र ही सेवा पोहोचत नाही.