वाहिनीचा समतोल भार

पारेषण वाहिनीतून प्रवाह वाहू लागला की तारांभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि त्यासाठी रिॲक्टिव्ह पॉवर खर्ची पडते. उलट, तारांची आपसातली आणि जमिनीशी असलेली धारिता रिॲक्टिव्ह पॉवर पुरवते. खर्च प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. पुरवठा दाबावर ठरतो आणि दाब जवळपास स्थिर असतो. म्हणून एका ठरावीक भाराला दोन्ही बरोबरीत येतात. तोच सर्ज इम्पिडन्स लोडिंग.

दर किलोमीटरला ०.३३ ओहम प्रेरक प्रतिबाधा आणि ३.५ मायक्रोसीमेन्स धारक प्रवेश्यता असलेली ४०० किलोव्होल्टची वाहिनी घेऊ. पहिल्या संख्येला दुसरीने भागून वर्गमूळ काढले की सुमारे ३०७ ओहम सर्ज इम्पिडन्स मिळतो. दाबाच्या वर्गाला त्याने भागले की भार येतो ५२१ मेगावॅट. या हिशेबात लांबी कुठेच नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वाहिनी ५० किलोमीटरची असो वा ५००, समतोल भार तोच राहतो.

लांबीचा परिणाम दिसतो तो ABCD स्थिरांकांत. साधारण ८० ते २५० किलोमीटरच्या मध्यम वाहिनीसाठी सगळी धारिता दोन समान भागांत दोन्ही टोकांना आणि प्रतिबाधा Z मधोमध धरतात. एकूण प्रवेश्यता Y असेल, तर:

Vs = A·Vr + B·Ir
Is = C·Vr + D·Ir
A = D = 1 + ZY/2, B = Z, C = Y(1 + ZY/4)

येथे s म्हणजे पाठवणारे टोक, r म्हणजे घेणारे. AD − BC नेहमी १ यायला हवे. आले नाही, तर आकडेमोडीत चूक आहे.

आपली वाहिनी २०० किलोमीटरची आणि रोध नगण्य धरला, तर Z ६६ ओहम, Y ७०० मायक्रोसीमेन्स आणि A ०.९७७. घेणारे टोक उघडे असताना Ir शून्य होतो, म्हणून ४०० ला ०.९७७ ने भागायचे: तिथला दाब सुमारे ४०९.५ किलोव्होल्ट! पाठवलेल्यापेक्षा पोहोचलेला दाब जास्त, हाच फेरांटी परिणाम.

आता त्या टोकाला ३०७ ओहमचा शुद्ध रोध जोडला, की B·Ir हे पद A·Vr शी काटकोनात येते. दोघांच्या वर्गांच्या बेरजेचे मूळ जवळजवळ Vr एवढेच भरते आणि दोन्ही टोकांना ४०० किलोव्होल्ट दिसतात. वाहिनीत निर्माण होणारी ११२ मेगाव्हार रिॲक्टिव्ह पॉवर तिथेच खर्च होते.

रोध निम्मा केला, तर दाब ३७५ पर्यंत घसरतो. भारतात या पातळीवर ३८० ते ४२० किलोव्होल्टची मर्यादा असल्याने तो चालत नाही. शिवाय पोहोचणारी शक्ती दुप्पट न होता सुमारे ९१५ मेगावॅटच भरते. अशा वेळी घेणाऱ्या टोकाला कपॅसिटर लागतात. मध्यरात्री भार उतरला की त्याच उपकेंद्रात शंट रिॲक्टर चालू करावा लागतो.