पाळी चुकायच्या आधीची गोळी
समजा, ताई, तुमची पाळी 1 तारखेला आली. गर्भ राहतो साधारण 14 तारखेला. तिथून तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवरच्या चपट्या पट्टीच्या कडा उचलतात आणि जुळून नळी होते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो. 28 दिवसांत नळी बंद, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे!

त्या वेळी पेशी भराभर वाढतात, त्यांना फॉलिक ॲसिड लागतं. नळी खाली उघडी राहिली तर स्पायना बायफिडा होतो: कमरेवर गाठ, पाय लुळे, लघवीवर ताबा नाही. वस्तीत नाव नोंदवतात तिसऱ्या महिन्यात, तेव्हा नळीचं काम संपलेलं असतं. म्हणून आम्ही सांगतो, मूल हवं असं ठरलं की लगेच रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करा. आधीच्या बाळाला हा दोष असेल, तर डॉक्टर बराच मोठा डोस देतात. गोळीने सगळेच दोष टळत नाहीत, पण बरेच टळतात.