रखडलेल्या पेन्शनची टिपणी मागताना

'माझे पेन्शन का रखडले?' असे अर्जात विचारू नका. माहिती अधिकारात खुलासा नव्हे, कागद मिळतो. त्यामुळे असे लिहा: 'माझ्या निवृत्तिवेतन प्रकरणाच्या नस्तीतील सर्व टिपण्या, शेरे, सह्या व तारखांसह, आणि महालेखापालांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात.' महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत असावा. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.

प्रती हाती आल्या की दोन शेऱ्यांमधल्या तारखा पाहा. 'सेवापुस्तकाची वेतनपडताळणी बाकी' या शेऱ्यानंतर चार महिने कोरे असतील, तर प्रकरण कोणत्या टेबलावर थांबले ते तिथेच कळते. ३० दिवसांत उत्तर न आल्यास त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या ३० दिवसांत अपील करावे.