शिल्लक आहे, तरी अदलाबदल अडते

वॉलेटमध्ये १००० यूएसडीसी दिसत आहेत. त्यांतले २५० देऊन इथर घ्यायचे आहे. व्यवहार युनिस्वॅपच्या व्ही२ राउटरकडे जातो आणि थोड्या वेळाने फसल्याचे कळते. यूएसडीसी जिथल्या तिथे आहेत, नवे इथर आलेले नाही, गॅसपोटी भरलेले थोडे इथर मात्र गेले. एथरस्कॅनवर तो व्यवहार उघडला, की कारण म्हणून एवढेच लिहिलेले असते:

```
TransferHelper: TRANSFER_FROM_FAILED
```

अशा वेळी बहुतेक जण स्लिपेज वाढवतात. अर्ध्या टक्क्याचे दोन टक्के करतात, मग पाच, आणि दर वेळी गॅस भरतात. इथे त्याचा काडीचा उपयोग नाही. हा राउटर आधी दर तपासतो. दर मान्य मर्यादेबाहेर गेला असेल तर तिथेच थांबतो, आणि तेव्हाच्या संदेशात `INSUFFICIENT_OUTPUT_AMOUNT` असे शब्द असतात. वरची ओळ आली, याचा अर्थ दर ठीक होता. तुमच्या खात्यातून टोकन उचलायला गेल्यावर राउटर रिकाम्या हाताने परतला.

त्याला टोकन का मिळाले नाहीत, हे कळायला टोकनाचा हिशेब कुठे असतो ते पाहावे लागते. यूएसडीसी तुमच्या वॉलेटमध्ये नसतातच. यूएसडीसीचा स्वतःचा एक करार इथेरियमवर आहे. कोणत्या पत्त्याच्या नावे किती टोकन, याची वही त्या करारात असते आणि वॉलेट ती वाचून आकडा दाखवते. त्याच करारात दुसरीही एक वही आहे: कोणत्या मालकाने कोणाला, आपल्या वतीने किती टोकन हलवायची मुभा दिली आहे. तिला अलाउन्स म्हणतात. २०१५ साली फॅबियन फोगेलस्टेलर आणि व्हिटालिक ब्युटेरिन यांनी मांडलेल्या ईआरसी-२० या नियमावलीतच ही सोय आहे. मालकाने `approve` करायचे, म्हणजे दुसऱ्या वहीत नोंद होते. मग राउटर `transferFrom` म्हणतो आणि टोकन उचलतो. नोंद नसेल किंवा मागितलेल्या रकमेपेक्षा लहान असेल, तर टोकनाचा करार नकार देतो आणि सगळा व्यवहार गुंडाळला जातो. वीजबिलासाठी यूपीआय ऑटोपेची मर्यादा ५०० रुपये ठेवली आणि बिल ८०० चे आले, तर खात्यात पैसे असूनही ते कापले जात नाहीत. तसलाच हा प्रकार. इथे नकार देणारी बँक नसते, खुद्द टोकनच असते.

मुळातले इथर देऊन टोकन घेताना ही भानगड येत नाही, कारण इथर व्यवहारासोबतच पाठवता येते. त्यामुळे इथर देऊन टोकन सहज घेता येतात, आणि तेच टोकन परत विकताना माणूस पहिल्यांदा अडतो.

अजिबात परवानगी न दिलेली चूक लवकर सापडते; बहुतेक संकेतस्थळे अदलाबदलीच्या आधी तिचे बटण दाखवतात. फसवते ती कमी पडलेली परवानगी. आपल्या उदाहरणातल्या माणसाने सुरुवातीला ५०० यूएसडीसीची मर्यादा दिली होती. त्यातून ३०० ची अदलाबदल झाली. मुभा वापरली की तेवढी वहीतून वजा होते, म्हणून २०० उरले. आता २५० हवे होते, म्हणजे ५० कमी पडत होते. संकेतस्थळाने नवी परवानगी मागितली, वॉलेटने खर्चमर्यादा लिहायची चौकट पुढे केली, आणि त्याने कमी पडणारे ५० लिहिले.

इथेच घात झाला. `approve` जुन्या आकड्यात भर घालत नाही, तो आकडा पुसून नवा लिहिते. २०० च्या जागी २५० व्हायच्या ऐवजी ५० झाले. परवानगीचा व्यवहार ‘यशस्वी’ म्हणून नोंदला गेला, आणि ते खरेही होते. पुढची अदलाबदल मात्र आधीपेक्षाही तोकड्या मुभेवर आपटली. वॉलेटने ‘हा व्यवहार फसण्याची शक्यता आहे’ असा इशारा बहुधा दिला असेल. तो दुर्लक्षून पुढे गेले, की गॅस जातो.

खात्री करायची तर अंदाज बांधत बसू नये, सरळ वही वाचावी. एथरस्कॅनवर टोकनाचा करार उघडून `Read Contract` मध्ये (यूएसडीसीसाठी `Read as Proxy` मध्ये) `allowance` शोधायचे. `owner` च्या जागी आपला पत्ता, `spender` च्या जागी राउटरचा. वाचायला गॅस लागत नाही. आपल्या माणसाला उत्तर असे मिळेल:

```
allowance(owner, spender) = 50000000
```

हे पाच कोटी नव्हेत. यूएसडीसीचे सहा दशांश धरले जातात, म्हणून शेवटचे सहा आकडे सोडून वाचायचे: ५०. हव्या असलेल्या २५० साठी इथे 250000000 दिसायला हवे होते. स्वतः प्रोग्राम लिहून परवानगी देणारे इथे हमखास चुकतात. ते नुसते 250 पाठवतात आणि प्रत्यक्षात ०.०००२५ यूएसडीसीची मुभा देऊन बसतात.

आकडा पुरेसा असूनही तीच ओळ आली, तर `spender` चा पत्ता पुन्हा पाहावा. मुभा एका टोकनापुरती, एका करारापुरती आणि एका साखळीपुरती असते. व्ही२ राउटरला दिलेली व्ही३ च्या राउटरला चालत नाही (तिथे चूक नुसत्या `STF` या तीन अक्षरांत येते), आणि इथेरियमवर दिलेली पॉलिगॉनवर चालत नाही. २०२२ मध्ये युनिस्वॅपने आणलेल्या पर्मिट२ मुळे एक पायरी वाढली. टोकनाची मुभा पर्मिट२ ला द्यायची, आणि पर्मिट२ राउटरला स्वतंत्र मुभा देतो. तिला रकमेसोबत मुदतही असते. टोकनाच्या वहीत सगळे ठीक दिसते आणि आतल्या वहीत मुदत टळलेली असते, असेही होते. पत्ताही बरोबर निघाला, तर शिल्लक खरोखर पुरेशी आहे का आणि त्या टोकनाच्या करारात विक्रीवर काही बंधने आहेत का, ते पाहायचे.

आपल्या माणसाचा उपाय सोपा आहे: नव्याने `approve`, या वेळी पूर्ण २५० चे, आणि तो व्यवहार साखळीत नोंदला गेल्यावरच अदलाबदल. हेच यूएसडीटी असते तर आणखी एक अडथळा होता. इथेरियमवरचा त्याचा करार शून्य नसलेल्या मुभेवर दुसरी शून्येतर मुभा लिहूच देत नाही. आधी शून्य लिहावे लागते, मग नवा आकडा. दोन व्यवहार, दोनदा गॅस.

या कटकटीला कंटाळून लोक ‘अमर्याद’ निवडतात. मला ते पटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजर डाओच्या संकेतस्थळात घुसलेल्यांनी लोकांकडून अशाच मोठ्या परवानग्या काढून घेतल्या आणि नंतर सुमारे १२ कोटी डॉलरचे टोकन उचलले. हव्या तेवढ्याच रकमेची मुभा दिली, तर अदलाबदल पार पडल्यावर वहीत शून्य उरते. मग पुढच्या वेळी संकेतस्थळाने पुन्हा परवानगी मागितली, तर काही बिघडले असे समजायचे कारण नाही. फक्त चौकटीत उरलेली तफावत न लिहिता पूर्ण रक्कम लिहायची.