चाळीस फुटांवर कोण काय करणार?

‘पूरस्थिती उद्भवल्यास संबंधित अधिकाऱ्यांनी परिस्थितीचे गांभीर्य लक्षात घेऊन आवश्यक ती पावले तातडीने उचलावीत.’ आपत्तीत कामकाज चालू ठेवण्याच्या आराखड्यांत असली वाक्ये सर्रास सापडतात. व्याकरणात चूक नाही. पण पाणी वाढायला लागले की यातून कोणालाच काही कळत नाही. संबंधित म्हणजे कोण? उद्भवली हे ठरवायचे कोणी?

सांगलीतल्या नदीकाठच्या एखाद्या बँक शाखेसाठी हेच वाक्य नव्याने लिहून पाहू. तिथे आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी सगळ्या शहराच्या तोंडी असते: इशारा 40 फुटांवर, धोका 45 फुटांवर. 2019 मध्ये ती 57 फुटांच्या वर गेली होती. म्हणजे आकडा आयता आहे. पण शाखेने सरकारी आकडा डोळे झाकून घेऊ नये. समजा, 43 फुटांना शाखेच्या रस्त्यावर पाणी येते, सामान हलवायला सहा तास लागतात आणि नदी जोरात असताना तासाला अर्धा फूट चढते. सहा तासांत तीन फूट, म्हणून काम 40 फुटांवर सुरू झालेच पाहिजे. मात्र नाले तुंबले तर नदी खाली असतानाही रस्ता भरतो. म्हणून दुसरी खूण हवी: दारासमोरचे गटार उलटे वाहू लागले की हाच क्रम सुरू.

आता मजकूर असा होतो: ‘पातळी 38 फूट झाली की लेखापाल दर तासाला, रात्रीही, आकडा पाहून नोंदवतो. 40 फुटांना शाखाधिकारी काम सुरू करतो. मुख्य कार्यालयाला कळवतो, परवानगीसाठी थांबत नाही. तो पंधरा मिनिटांत फोनवर सापडला नाही, तर निर्णय उपशाखाधिकाऱ्याचा.’

पहिल्या तासाचा क्रमही असाच नेमका हवा. पहिल्या दहा मिनिटांत ग्राहकांना आत घेणे बंद. मग संगणकाची जबाबदारी असलेला कर्मचारी सर्व्हर रीतसर बंद करतो, आणि त्यानंतरच यूपीएस व मुख्य वीजपुरवठा. क्रम उलटला तर चालू नोंदी बिघडू शकतात. त्याच वेळी रोखपाल आणि दुसरा किल्लीधारक मिळून तिजोरी उघडतात, रोकड आणि तारणाचे सोने मोजून हलवण्यासाठी बांधतात.

मजकुरात पदे लिहावीत. नावे आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर, म्हणजे बदली झाली की तेवढाच कागद बदलतो.

हे जमले की नाही, ते नव्याने रुजू झालेल्या कारकुनाला वाचायला देऊन कळते. त्याने ‘साहेब, हे कोणी करायचं?’ असे विचारले की ती ओळ पुन्हा लिहायची. शिवाय एकदा रात्री सराव घ्यावा. बऱ्याचदा अडचण तिथेच उघडी पडते: तिजोरीची दुसरी किल्ली ज्याच्याकडे, तो पुलापलीकडे सांगलीवाडीत राहतो. मग आराखड्यात आणखी एक ओळ येते: 38 फुटांनाच त्याने शहराच्या बाजूला मुक्कामाला यावे, नाहीतर नोंदवहीत सही घेऊन किल्ली ठरलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी.